ताप उतरला म्हणून आम्ही निश्चिंत झालो होतो: डेंग्यू, धोक्याची लक्षणं आणि एक शुक्रवार

मीनाक्षी_क | रविवार, सकाळी १०:१५

त्या शुक्रवारी सकाळी साडेआठला बहिणीचा फॅमिली ग्रुपवर मेसेज आला, "भाचेबुवांचा ताप गेला एकदाचा. ९८.२. आता फक्त प्लेटलेट वाढवायच्या." त्यावर नऊ जणांनी हात जोडले, मीही जोडले. त्याच दिवशी रात्री आठ वाजता तो आयसीयूच्या दारात स्ट्रेचरवर होता. आता तो ठणठणीत आहे, वडापाव खातोय, त्यामुळे शांतपणे लिहू शकते.

भाचा २१ वर्षांचा, वजन ५८ किलो, पुण्यात होस्टेलवर असतो. सोमवारी संध्याकाळी थंडी वाजून ताप आला. डोळ्यांच्या मागे ठणका, अंग मोडून आलेलं. बहीण त्याला घरी घेऊन आली. बुधवारी रक्त तपासलं तर डेंग्यूची एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह, प्लेटलेट १ लाख ४८ हजार. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर, पॅरासिटामॉल, बाकी काही नको. शुक्रवारी सकाळी ताप गेला आणि प्लेटलेट ६२ हजार आल्या. मग घरात एकच धावपळ. मेहुणे रक्तपेढ्यांना फोन करतायत, मी पपईची पानं शोधतेय, काका किवी घेऊन आले.

या गडबडीत पोरगं काय सांगत होतं ते कुणी नीट ऐकलंच नाही. पोटात उजवीकडे दुखतंय, असं तो दोनदा म्हणाला. सकाळपासून तीन उलट्या झाल्या, त्याचा दोष आम्ही पपईच्या रसाला दिला. दुपारभर नुसता कूस बदलत होता, चिडचिड करत होता. संध्याकाळी रक्त तपासायला नेलं तेव्हा तिथल्या एका सिस्टरने सहज त्याच्या तळपायाला हात लावला आणि विचारलं, "शेवटची लघवी कधी झाली?" तो म्हणाला, "रात्री". बीपी १०४/८४ होतं. मला ते चांगलं वाटलं. सिस्टरचा चेहरा मात्र बदलला.

माझा प्रश्न असा की, आम्ही चार शिकलेली माणसं दिवसभर तो रिपोर्ट हातात धरून बसलो होतो, मग आम्हाला दिसलं का नाही? आणि डेंग्यू 'साधा' की 'गंभीर' हे नेमकं कशावरून ठरवतात?

शुद्धलेखक | रविवार, १०:४०

भाचा बरा आहे हे वाचून आनंद झाला. अवांतर: सरकारी पत्रकात 'डेंगी' लिहितात, 'डेंग्यू' नाही.

मीनाक्षी_क | रविवार, १०:४४

डास दोन्ही वाचत नाही हो. :)

रोखठोक_राजा | रविवार, ११:०५

एवढं अवघड काही नाही. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली गेल्या की गंभीर, २० हजारांच्या खाली गेल्या की प्लेटलेट चढवायच्या. आणि हेमरेजिक डेंग्यू म्हणजे ज्यात रक्तस्राव होतो तो. नाकातून, हिरड्यांतून रक्त येत नसेल तर घाबरायचं कारण नाही. आमच्या घरात तिघांना झालाय, म्हणून सांगतो.

वाईकर_डॉ | रविवार, दुपारी १२:३०

राजाभाऊ, तुमचा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही, आम्हा डॉक्टरांचाही बरीच वर्षं तोच होता. दोष नावाचा आहे. तीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात काढली आहेत, त्यावरून थोडं सविस्तर लिहितो.

डेंग्यूने माणूस दगावतो तो बहुतेक वेळा रक्त वाहून नाही, तर रक्तातलं पाणी पाझरून. नवा माठ फुटलेला नसतो, तरी बाहेरून ओला होतो, तसं. तापाच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, बरोबर ताप उतरण्याच्या सुमारास, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरायला लागतात. पेशी आत राहतात, पाणी आणि प्रथिनं बाहेर जातात. कुठे? पोटात आणि छातीत, फुप्फुसांच्या भोवती. ही गळती २४ ते ४८ तास चालते आणि आपोआप थांबते. थांबवायचं औषध नाही. तेवढा वेळ नसांमधलं रक्त फिरतं ठेवता आलं, तर रोगी वाचतो.

म्हणून ताप उतरणं हा डेंग्यूत सुटकेचा क्षण नाही, घड्याळ लावायचा क्षण आहे. ज्याला गळती होणार नाही त्याला ताप गेल्यावर खरंच हलकं वाटतं, तो जेवायला मागतो. ताप गेला आणि तरीही पोरगं आणखी मलूल दिसतंय, पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, तर ते पपईच्या रसाने नाही.

आता नावांचं. जुनी विभागणी बँकॉकच्या बालरुग्णालयातल्या मुलांच्या अनुभवावर उभी होती. डेंग्यू ताप, डेंग्यू हेमरेजिक ताप आणि डेंग्यू शॉक. हेमरेजिक म्हणायला चार गोष्टी एकत्र लागायच्या: ताप, रक्तस्रावाची काही खूण, प्लेटलेट एक लाख किंवा त्याखाली, आणि गळतीचा पुरावा. अडचण अशी, की समोरचा रोगी शॉकमध्ये चाललेला असायचा पण चारातली एक अट भरायची नाही. मग कागदावर 'साधा डेंग्यू'. उलट कुणाच्या हिरड्यांतून दोन थेंब आले की घरचे 'हेमरेजिक, हेमरेजिक' म्हणून रडायला लागायचे आणि त्याला काहीही झालेलं नसायचं.

२००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने मांडणी बदलली. धोक्याची लक्षणं नसलेला डेंग्यू, धोक्याची लक्षणं असलेला डेंग्यू, आणि गंभीर डेंग्यू. म्हटलं तर सोपं. पण यामागचा प्रश्नच वेगळा आहे. जुनी पद्धत विचारायची, 'याला कोणता रोग झालाय?' नवी विचारते, 'याला आज घरी पाठवू, वॉर्डात ठेवू, की आयसीयूत नेऊ?'

मीनाक्षीताई, भाच्याच्या दोन्ही रिपोर्टमध्ये पीसीव्ही किंवा एचसीटी नावाची ओळ असेल. तो आकडा द्याल का?

मीनाक्षी_क | रविवार, १२:५२

शोधला. बुधवारी ४१. शुक्रवारी सकाळी ४८. संध्याकाळी दवाखान्यात ५१. दोन्ही वेळा समोर 'नॉर्मल'च्या रकान्यात होता किंवा जेमतेम काठावर, म्हणून कुणी बघितलाच नाही.

वाईकर_डॉ | रविवार, दुपारी १:२०

हेच. पीसीव्ही म्हणा की एचसीटी, दोन्ही हिमॅटोक्रिटच, म्हणजे शंभर भाग रक्तात तांबड्या पेशी किती. दूध आटवलं की साय वाढत नाही, पाणी कमी होतं. पण जाड लागतं. तसं रक्त आटलं. ४१ चे ४८ म्हणजे सतरा टक्के वाढ, ५१ म्हणजे चोवीस. आणि त्याच वेळी प्लेटलेट १ लाख ४८ हजारांवरून ६२ हजारांवर. या दोन रेषा एकमेकींना कात्रीसारख्या ओलांडतात, एक वर, एक खाली. प्लेटलेट एकट्या पडल्या तर मी उद्या परत बोलावतो. कात्री दिसली तर घरी पाठवत नाही.

आता ते बीपी. १०४/८४ बघून तुम्हाला बरं वाटलं, कारण वरचा आकडा शंभरच्या पुढे आहे. पण दोन्हींतलं अंतर बघा, वीस. नेहमी ते चाळीसच्या आसपास असतं. पाणी कमी पडलं की शरीर हातापायांच्या नसा आवळून मेंदू-हृदयाकडे रक्त वळवतं. त्यामुळे खालचा आकडा चढतो, हातपाय गार पडतात, लघवी थांबते. रोगी मात्र नीट बोलत असतो. अंतर वीस किंवा त्याहून कमी म्हणजे शॉक सुरू झालाय. वरचा आकडा कोसळायची वाट बघितली, तर खूप उशीर होतो, विशेषतः तरुण पोरांमध्ये. ती शेवटपर्यंत 'मी ठीक आहे' म्हणतात.

त्या सिस्टरला माझा नमस्कार सांगा.

माईंचाकट्टा | रविवार, १:४५

पपईच्या पानांना एवढं हसू नका. माझ्या सुनेच्या प्लेटलेट ३० हजारांवर गेल्या होत्या, दोन दिवस रस दिला आणि ९० हजार झाल्या. डोळ्यांनी बघितलंय.

वाईकर_डॉ | रविवार, २:१०

माई, डोळ्यांनी बघितलंत हे खरंच. पण सहाव्या-सातव्या दिवसानंतर प्लेटलेट रस न देताही अशाच वर येतात, आणि आपण रस नेमका तेव्हाच देतो. थोडा फरक पडतो असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, तो मी नाकारत नाही. पण रस गळती थांबवत नाही, आणि मारते ती गळती. माझा आक्षेप वेगळाच आहे. कडू रसाने उलटी होते आणि मग खरी उलटी कोणती ते कळेनासं होतं. मीनाक्षीताईंच्या घरी नेमकं तेच झालं.

पूर्वेकडचा | रविवार, २:४०

मी सिंगापूरला असतो. चार वर्षांपूर्वी मला झाला होता. इथे ॲडमिट केलंच नाही! रोज सकाळी पॉलिक्लिनिकला जाऊन रक्त द्यायचं, बीपी बघायचं, घरी यायचं. प्लेटलेट ३४ हजारांवर आल्या तेव्हा आई फोनवर रडत होती की 'प्लेटलेट चढव, प्लेटलेट चढव'. इथल्या डॉक्टरने शांतपणे विचारलं, 'रक्त कुठून येतंय का? पोट दुखतंय का? लघवी होतेय?' नाही, नाही, हो. 'मग उद्या या.'

याच विषयावर सिंगापूर आणि मलेशियात एक मोठी चाचणी झाली होती, २०१७ साली प्रसिद्ध झाली. रक्तस्राव नसलेले पण प्लेटलेट २० हजार किंवा त्याखाली गेलेले ३७२ प्रौढ. अर्ध्यांना प्लेटलेट चढवल्या, अर्ध्यांना नाही. रक्तस्राव टळण्यात म्हणावा असा फरक पडला नाही, उलट चढवलेल्यांमध्ये पुरळ, ॲलर्जीसारखे त्रास जास्त.

रोखठोक_राजा | रविवार, ३:०५

मग आमच्या चुलत्यांना प्लेटलेटच्या जंबो पॅकचे बारा हजार कशाला लावले?

पूर्वेकडचा | रविवार, ३:०८

त्यांना रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी. मला माहीत नाही.

रोखठोक_राजा | रविवार, ३:१५

नव्हता. असो. पण डॉक्टर, मग त्या भाच्याच्या प्लेटलेट शेवटी किती खाली गेल्या?

मीनाक्षी_क | रविवार, ३:३०

शनिवारी २८ हजार. एकही पिशवी चढवली नाही. मेहुण्यांनी सहा डोनर रांगेत उभे केले होते, त्यांना चहा पाजून घरी पाठवलं.

घरकोंबडा | रविवार, ४:००

आमच्या प्रभागात गेल्या वर्षीपासून धूर फवारणी झालेली नाही. कुणाकडे तक्रार करायची? ॲपवर टाकलं होतं, 'निराकरण झाले' असं दाखवतात.

मीनाक्षी_क | रविवार, ४:०२

त्यासाठी वेगळा धागा काढाल का प्लीज?

वॉर्ड_नं_३ | रविवार, संध्याकाळी ५:१०

मी स्टाफ नर्स आहे, मेडिसिन वॉर्ड. मीनाक्षीताईंना माहीत असेल तर सांगा, भाच्याला सलाईन किती आणि कसं दिलं? कारण लोकांना वाटतं ॲडमिट झालं, सलाईन लागलं, संपलं. आमची खरी परीक्षा तिथून पुढे असते.

मीनाक्षी_क | रविवार, ५:३५

पहिल्या तासात ५८० मिली दिलं, हे पक्कं आठवतं, कारण सिस्टर म्हणाल्या वजन सांगा, आणि त्याच्या वजनाला दहाने गुणलं. तासाभराने परत नाडी, बीपी, हात. पाय कोमट झाले होते, अंतर वीसचं तीस झालं. मग वेग कमी, दोन तासांनी अजून कमी. मध्यरात्री रक्त परत तपासलं, पीसीव्ही ४६. सकाळी पहाटे तो म्हणाला, लघवीला जायचंय. बहीण रडली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी लघवीला गेलं म्हणून आमच्या घरात कुणी रडलं असेल.

मला एक कळलं नाही. त्या रविवारी सकाळी त्याचं सलाईन एकदम बंद केलं. मेहुणे भांडले, 'अजून अशक्त आहे, दोन बाटल्या लावा'. डॉक्टर ठाम नाही म्हणाले.

वॉर्ड_नं_३ | रविवार, ६:१५

बरोबर केलं त्यांनी. गळती शुक्रवारी सुरू झाली असं धरलं तर रविवारी ती संपत आली. मग पोटात-छातीत साचलेलं तेच पाणी शरीर परत नसांमध्ये ओढून घेतं. त्यात वरून बाटल्या लावल्या तर जागाच उरत नाही, पाणी फुप्फुसात शिरतं. मी स्वतः बघितलंय. गेल्या पावसाळ्यात एक ६८ वर्षांचे आजोबा आमच्याकडे आले. बाहेर कुठेतरी ताप आल्या दिवसापासून 'ताकदीसाठी' रोज तीन बाटल्या लागत होत्या, गरज असो-नसो. सहाव्या दिवशी ताप नाही, प्लेटलेट वाढतायत, घरचे खूश, आणि आजोबांना आडवं झोपवत नाही इतका दम. त्यांचा डेंग्यू बरा झाला होता, त्यांना सलाईन बाधलं होतं. वाचले, पण चार दिवस ऑक्सिजनवर.

म्हणून आम्ही लघवी मोजतो. तासाला दर किलो वजनामागे अर्धा मिली, म्हणजे ५८ किलोच्या मुलाला तीस मिलीच्या आसपास, पुरे. त्याहून फार जास्त होत असेल तर डॉक्टरांना सांगून सलाईनचा वेग कमी करतो. रात्रपाळीला तीस पेशंटमागे दोघी असलो की दर तासाला मोजणं कसं जमतं ते विचारू नका.

सूक्ष्मदर्शी | रविवार, ६:५०

लॅबमधून लिहितेय. दोन गोष्टी.

मशीन कधी कधी प्लेटलेट कमी दाखवतं, कारण नळीत त्यांचे पुंजके होतात. आकडा एकदम विचित्र आला तर स्लाइडवर बघून घ्यायला सांगा, आम्ही बघतो. हिमॅटोक्रिटमध्ये तसा घोळ सहसा होत नाही.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांनी दिलेले टक्के काढायला आधीचा आकडा लागतो, आणि तोच बहुतेकांकडे नसतो. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं नेहमीचं आहे, की जिचा पीसीव्ही एरवी ३० असतो, तिचा वाढून ३६ झाला तरी रिपोर्टवर छान नॉर्मल दिसतो. लाल अक्षरात येत नाही, बाण येत नाही. त्यामुळे तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा पहिला सीबीसी फेकून देऊ नका. तोच मोजपट्टीचा शून्य.

अमोल_०७ | रविवार, रात्री ७:४०

धागा आत्ताच वाचला. बायकोला (३१) गुरुवारी ताप आला, एनएस१ पॉझिटिव्ह आहे. आज सकाळपासून ताप नाही. आजचा रिपोर्ट: प्लेटलेट ७१ हजार, हिमोग्लोबिन १२.१, पीसीव्ही ३७.२. एक चांगली गोष्ट म्हणजे तिचं हिमोग्लोबिन वाढलंय, सहा महिन्यांपूर्वी ९.८ होतं. गोळ्या लागू पडल्या. तर काळजीचं नाही ना? सकाळपासून मळमळ आहे फक्त.

सूक्ष्मदर्शी | रविवार, ७:४६

अमोल, गुरुवार-शुक्रवारचा काही रिपोर्ट आहे का? असेल तर त्यातलं हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही सांगा. लगेच.

अमोल_०७ | रविवार, ७:५३

शुक्रवारचा आहे. हिमोग्लोबिन १०.४, पीसीव्ही ३२, प्लेटलेट १ लाख ३२ हजार.

सूक्ष्मदर्शी | रविवार, ७:५५

लोहाच्या गोळ्या दोन दिवसांत १०.४ चे १२.१ करत नाहीत. ३२ चे ३७.२ म्हणजे सोळा टक्के. डॉक्टर, बघताय का?

वाईकर_डॉ | रविवार, ७:५८

अमोल, चार प्रश्न, तिला विचारून उत्तर द्या. मळमळ आहे की उलट्या, आणि किती? पोट दुखतंय का, दाबल्यावर? शेवटची लघवी किती वाजता? हात गार लागतायत का?

अमोल_०७ | रविवार, ८:०४

उलट्या चार. ती म्हणाली सांगू नकोस, उगाच घाबरतील. पोट वरच्या बाजूला दुखतंय. लघवी दुपारी बाराला, थोडीशी. हात मला तरी ठीक वाटतायत.

वाईकर_डॉ | रविवार, ८:०७

आत्ता निघा. जिथे रात्री डॉक्टर असतो आणि रक्त तपासता येतं अशा ठिकाणी. दोन्ही रिपोर्ट बरोबर घ्या आणि दारातच सांगा: 'ताप आज सकाळी उतरला, उलट्या चार, पोटदुखी, आठ तास लघवी नाही, पीसीव्ही ३२ वरून ३७.' प्लेटलेटपासून सुरुवात करू नका, नाहीतर सगळे ७१ हजार ऐकून 'ठीक आहे' म्हणतील. वाटेत ओआरएसचे घोट चालतील. दुखतंय म्हणून ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक काहीही देऊ नका. गाडी तुम्ही चालवू नका, रिक्षा करा.

अमोल_०७ | रविवार, ८:०९

निघालो.

पूर्वेकडचा | रविवार, ८:३०

तो पोचेपर्यंत एक विचारतो. डॉक्टर, नवी विभागणी आली म्हणून मृत्यू कमी झाले असं खरंच म्हणता येतं का? कारण धोक्याची लक्षणं इतकी सर्वसाधारण आहेत, की उलटी आणि पोटदुखी असलेला प्रत्येक जण ॲडमिट होईल.

वाईकर_डॉ | रविवार, ९:००

नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. नव्या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप तोच आहे. साथीत वॉर्ड भरून जातात आणि वॉर्ड_नं_३ म्हणाल्या तसं तीस जणांमागे दोघी उरतात. मग ज्याला खरंच बघायला हवं तोच गर्दीत हरवतो. बँकॉकचे लोक आजही म्हणतात की गळती शोधा, बाकी लक्षणांचा पसारा नको.

श्रीलंकेचं उदाहरण मला फार विचार करायला लावतं. २००९ साली तिथे सुमारे ३५ हजार रुग्ण आणि ३४६ मृत्यू होते, म्हणजे शंभरात एक. त्यानंतर तिथले डॉक्टर बँकॉकच्या क्वीन सिरिकिट बालरुग्णालयात शिकून आले, स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं लिहिली, रुग्णालयांत डेंग्यूसाठी वेगळे देखरेख कक्ष काढले. तापाच्या तिसऱ्या दिवशी रक्त तपासायचं, गळतीची शंका आली की सोनोग्राफीत पाणी शोधायचं, आणि गळती सुरू झाल्याची वेळ फायलीवर लिहून तिथून तास मोजायचे. २०१७ साली तिथे भयंकर साथ आली, १ लाख ८६ हजार रुग्ण. मृत्यू सुमारे ४४०. म्हणजे हजारात दोन-तीन. आणि गंमत बघा, त्यांनी जुनीच नावं ठेवली होती. डेंग्यू ताप, हेमरेजिक ताप.

म्हणून नावं कोणती यावर मी फार भांडत नाही. २००९ ची धोक्याच्या लक्षणांची यादी मला आवडते कारण ती गावच्या आशा सेविकांना, मीनाक्षीताईंच्या बहिणीला आणि अमोलला वापरता येते, त्यासाठी सोनोग्राफी लागत नाही. रुग्णालयात आल्यावर मात्र मी श्रीलंकेसारखंच वागतो.

सूक्ष्मदर्शी | रविवार, ९:१२

श्रीलंकेच्या आकड्यांवर एक शंका. एनएस१ चाचणी सर्रास झाल्यावर सौम्य रुग्णही मोजले जातात. खालचा आकडा फुगला की टक्केवारी आपोआप घटते. सगळं श्रेय देखरेखीला देता येईल का?

वाईकर_डॉ | रविवार, ९:२०

सगळं नाही देता येणार, बरोबर आहे. पण रुग्ण पाचपट झाले आणि मृत्यू ३४६ वरून ४४० च्या आसपास राहिले. सौम्य रुग्ण जास्त मोजल्याने मृत्यूंचा आकडा खाली येत नाही. किती भाग कशाचा, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही.

माईंचाकट्टा | रविवार, ९:२५

अमोलचं काही कळलं का?

रोखठोक_राजा | रविवार, ९:४०

मीही तेच बघायला चारदा आलो. आणि माझा सकाळचा 'रक्त येत नसेल तर घाबरू नका'वाला प्रतिसाद कुणी वाचून थांबला नसेल, एवढीच आशा. संपादकांनी तो उडवला तरी चालेल.

मीनाक्षी_क | रविवार, ९:४३

राहू दे राजाभाऊ. खालचं उत्तर त्यामुळेच मिळालं.

अमोल_०७ | रविवार, ११:३५

ॲडमिट केलं. दारात तुम्ही लिहिलेलं वाक्य मोबाइलवरून वाचून दाखवलं. बीपी ९८/७४, अंतर चोवीस. पीसीव्ही आता ३८.५. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत सुजलेली आणि उजव्या छातीत थोडं पाणी. डॉक्टर म्हणाले शॉक नाही, पण रस्ता तोच होता. सलाईन सुरू केलंय, दर तासाला बघतायत. तिच्या लघवीचा तक्ता मी लिहायला मागितला तर सिस्टर म्हणाल्या, 'तुम्हीच लिहा, आम्हाला मदत.'

वॉर्ड_नं_३ | रविवार, ११:४१

लिहा. वेळ आणि मिली, दोन्ही. पाणी, नारळपाणी किती प्यायली तेही. आणि डुलकी लागली तर गजर लावा.

सूक्ष्मदर्शी | रविवार, ११:४४

३२ वरून ३८.५ म्हणजे वीस टक्के. अजूनही रिपोर्टवर नॉर्मलच छापून आलं असेल.

अमोल_०७ | रविवार, ११:४६

हो. बाणसुद्धा नाही.

अमोल_०७ | सोमवार, पहाटे ४:५०

३:१५ ला १२० मिली. ४:४० ला ९० मिली. पीसीव्ही ३४.८. प्लेटलेट ४४ हजार, त्याबद्दल इथे कुणीच काही बोललं नाही. ती झोपलीय.